दहा गुणांचे इतिहासाचे उत्तर : जुन्या नमुना उत्तरांतून नेमके काय उचलायचे?

शाईदौत

यूपीएससी मुख्य परीक्षा, जीएस १, मराठी माध्यम. प्रश्न इतिहासाच्या दहा गुणांच्या उत्तराचा आहे. शब्दमर्यादा १५०. क्लासेसची आणि आधीच्या यशस्वी उमेदवारांची नमुना उत्तरे ढिगाने मिळतात. ती वाचली की सगळी बरोबर वाटतात, पण आपल्या उत्तरात त्यातले काय आणायचे ते कळत नाही. बहुतेक जण मथळे उचलतात : राजकीय, आर्थिक, लष्करी, सामाजिक. मग उत्तर असे होते.

२०२२ च्या पेपरातला प्रश्न : भारतीय शिपायांचाच भरणा असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांनी, संख्येने मोठ्या आणि शस्त्रांनी अधिक सज्ज अशा तत्कालीन भारतीय राज्यकर्त्यांच्या फौजांवर सातत्याने विजय का मिळवला? कारणे द्या.

उत्तर : "ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०० साली झाली. व्यापारासाठी आलेल्या इंग्रजांनी हळूहळू राजकीय सत्ता मिळवली. त्यांच्या विजयाची कारणे पुढीलप्रमाणे. राजकीय : भारतीय राज्यांत एकी नव्हती, फंदफितुरी होती. आर्थिक : कंपनी श्रीमंत होती, तिला बंगालचा महसूल मिळाला. लष्करी : कंपनीकडे आधुनिक शस्त्रे, शिस्त आणि आरमार होते. सामाजिक : समाज जातीपातींत विभागला होता, राष्ट्रभावना नव्हती. अशा प्रकारे वरील कारणांमुळे कंपनीचा विजय झाला."

अशा उत्तराला टेस्ट सिरीजमध्ये अडीच-तीन गुण पडतात आणि समासात शेरा असतो, 'प्रश्नाची मागणी पूर्ण नाही'. यात चुकीचे विधान फारसे नाही. मग कमी काय पडते? नमुना उत्तरांतून साचा काढायचा तर कसा काढायचा?

---

रायगडवाला

मथळ्यांना नावे ठेवू नका. चार मथळे पाडले की तपासणाऱ्याला चार मुद्दे लगेच दिसतात. वेळ कमी असताना हाच साचा तारून नेतो. आणि या प्रश्नात मुख्य कारण लष्करीच आहे, कंपनीची शस्त्रे आधुनिक होती. ते पहिले टाका, बाकी मागे.

---

मोडीवाचक

रायगडवाला, मथळे दिसायला हवेत हे अगदी बरोबर. पण शस्त्रांचे कारण इथे टाकले तर उत्तर प्रश्नाच्याच विरोधात जाते. प्रश्नकर्त्याने स्वतःच म्हटले आहे की भारतीय फौजा 'अधिक सज्ज' होत्या. ते पटत नसेल तर तसे दाखल्यानिशी लिहावे लागेल. न बघता 'कंपनीकडे आधुनिक शस्त्रे होती' असे लिहिले की तपासणाऱ्याला कळते, प्रश्न पुरता वाचलेला नाही. तो शेरा तिथूनच येतो.

शाईदौत, आधी प्रश्नाला गाठी किती आहेत ते मोजा. इथे तीन आहेत.

पहिली गाठ : शिपाई दोन्हीकडे भारतीयच. म्हणजे शौर्य, शरीरयष्टी, वंश ही कारणे बाद. तोच शिपाई कंपनीकडे वेगळा का लढला, ते सांगायला हवे.

दुसरी गाठ : समोरची फौज मोठी. संख्या उपयोगी का पडली नाही?

तिसरी गाठ : समोरची शस्त्रे चांगली. ती असून काय अडले?

आता तुमच्या उत्तराकडे बघा. चार मथळ्यांतला एकही या तिन्हींपैकी कशाला थेट भिडत नाही. 'सामाजिक' मथळा तर उलटा पडतो, कारण जातीपातींत विभागलेला तोच समाज कंपनीच्या पलटणींतही होता.

एक कसोटी सांगतो. उत्तरावरचा प्रश्न हाताने झाका आणि नुसते उत्तर वाचा. 'मराठी सत्तेच्या पतनाची कारणे', '१८५७ च्या उठावाच्या अपयशाची कारणे', 'इंग्रज भारतात यशस्वी का झाले' यांपैकी कशाखालीही ते खपत असेल, तर साचा नको तिथून उचलला आहे. चांगले उत्तर प्रश्न झाकूनही प्रश्न सांगते.

---

चहाटपरी_कसबा

प्रश्न झाकायची कसोटी आजच वहीत लिहून घेतली. माझी निम्मी उत्तरे एकमेकांच्या जागी बिनबोभाट राहतील!

---

सुमेधाची_आई

माझी मुलगी बारावीला आहे, कला शाखा. तिच्या इतिहासाच्या मोठ्या उत्तरांनाही असेच गाठी वगैरे शोधून लिहायचे का? तिच्या बाई म्हणतात पुस्तकातले मुद्दे क्रमाने आलेच पाहिजेत.

---

मोडीवाचक

सुमेधाची आई, तिच्या बाईंचेच ऐका. इथली चर्चा स्पर्धा परीक्षेची आहे. बोर्डात पाठ्यपुस्तकातला प्रत्येक अपेक्षित मुद्दा आला की त्याचे गुण मिळतात. तिथे मुद्दा गाळून युक्तिवाद रंगवला तर नुकसान होईल.

---

वहीतली_पाने

साचा कसा काढायचा यावर लिहिते.

आधी एक लक्षात घ्या. मुख्य परीक्षेची आदर्श उत्तरे आयोग प्रसिद्ध करत नाही. हाती येतात ती एकतर क्लासने सावकाश बसून टाइप केलेली किंवा यशस्वी उमेदवारांच्या टेस्ट सिरीजमधल्या उत्तरपत्रिका. दोन्हींचा उपयोग वेगळा. क्लासचे उत्तर मुद्द्यांची यादी म्हणून वाचावे. ते बहुधा अडीचशे-तीनशे शब्दांचे असते, सात मिनिटांत हाताने लिहून होणारच नाही. बांधणी शिकायची ती हाताने, वेळ लावून लिहिलेल्या उत्तरांवरून. त्यांत काय गाळले आहे ते दिसते, आणि तेच शिकण्यासारखे असते.

वेळेचा हिशेब सरळ आहे. तीन तास, वीस प्रश्न, दहा प्रश्न दहा गुणांचे आणि दहा पंधराचे. दहाच्याला ७ मिनिटे दिली तर ७० झाली, उरलेल्या ११० मध्ये पंधराचे दहा प्रश्न, म्हणजे प्रत्येकी ११. सातातले एक मिनिट प्रश्न वाचून गाठी शोधण्यात जाते. उरलेल्या सहा मिनिटांत मिनिटाला पंचवीस शब्द पडले तर दीडशे होतात. तेवढाही वेग बऱ्याच जणांचा नसतो.

आता पद्धत. एकाच विषयावरची पाच उत्तरे घेऊ नका, एकाच *क्रियापदाची* पाच घ्या. 'कारणे द्या' ची पाच, 'कितपत' ची पाच, 'चर्चा करा' ची पाच. विषय एक ठेवला तर पाठांतर होते. क्रियापद एक ठेवले की मुद्दे बदलत राहतात आणि बांधणी तेवढी तीच राहते, म्हणून ती उठून दिसते.

मग पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यापुढे समासात खूण करा. वाक्य काही म्हणणे मांडत असेल तर 'दावा'. नाव, साल, लढाई, तह, कायदा सांगत असेल तर 'दाखला'. दाखला प्रश्नाशी जोडत असेल ('त्यामुळे', 'म्हणून' ने सुरू होणारे वाक्य) तर 'दुवा'. कशातच बसत नसेल तर कोरे सोडा.

चांगल्या उत्तरात दावा-दाखला-दुवा असे तिघे एकत्र चालतात, तीन किंवा चार वेळा. वरच्या उत्तराला खुणा करून बघा : सगळे दावे. दाखला म्हणता येईल असा एकच, बंगालचा महसूल, तोही सालाशिवाय. दुवा शून्य. आणि सुरुवातीची दोन वाक्ये कोरी.

---

शाईदौत

वहीतली पाने, हे फार उपयोगी. पण प्रस्तावना कोरी म्हणजे? १६०० सालच्या स्थापनेने सुरुवात बहुतेक नमुन्यांत दिसते.

---

वहीतली_पाने

टाइप केलेल्यांत दिसते. हाताने लिहिलेल्यांत चांगले गुण मिळालेली उत्तरे काढून बघा, पहिल्या दोन वाक्यांत प्रश्नाचे उत्तरच असते. दीडशेपैकी पंचवीस-तीस शब्द प्रस्तावनेला. ते १६०० सालावर खर्च केले तर सहावा हिस्सा वाया जातो. कंपनी कधी स्थापन झाली असे कुणी विचारलेलेच नाही.

'चर्चा करा' मध्ये पार्श्वभूमीचे एखादे वाक्य चालते. 'कारणे द्या' मध्ये पहिल्याच वाक्यात मुख्य कारण यावे आणि पुढचे परिच्छेद त्याची फोड करत जावेत.

---

रायगडवाला

बरं, शस्त्रांचे पटले नाही. भारतीय फौजा अधिक सज्ज होत्या हे खरे तरी आहे का? प्रश्नात म्हटले म्हणून मान्य करायचे?

---

मोडीवाचक

सगळीकडे खरे नाही, पण जिथे खरे आहे तिथला दाखला आपल्या इतिहासातला आहे. असई, सप्टेंबर १८०३. महादजींच्या काळी दि बॉयनने उभारलेल्या कवायती पलटणी दौलतराव शिंद्यांकडे होत्या, तोफखाना होता. वेलस्लीच्या फौजेचे दीड हजारांवर लोक मारले गेले किंवा जखमी झाले, त्यातले बरेचसे तोफांच्या माऱ्याने. लढाई संपल्यावर सुमारे शंभर तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. यानंतर 'कंपनीची शस्त्रे चांगली म्हणून ती जिंकली' हे वाक्य असईला लागू करता येत नाही.

मग अडले कुठे? पलटणींचे अधिकारी युरोपीय आणि पगारी होते. युद्धाच्या तोंडावर गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून मराठ्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना बाहेर पडायला सांगितले, पैशांची हमी दिली, आणि बरेच जण गेले. उत्तरेत त्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ यानेही त्याच सप्टेंबरात शिंद्यांची चाकरी सोडली. नोव्हेंबरात लासवारीला त्या पलटणी बहुतांशी युरोपीय अधिकाऱ्यांवाचूनही विलक्षण चिवटपणे लढल्या. शिपाई कमी नव्हता, तोफ कमी नव्हती, फौजेला स्वतःची अधिकाऱ्यांची फळी नव्हती.

हा एक दाखला पहिली आणि तिसरी अशा दोन गाठी सोडवतो. दहा गुणांच्या उत्तरात असे दुहेरी कामाचे दाखले शोधावेत, नाहीतर शब्द पुरत नाहीत.

---

ऑप्शनल_इतिहास

इतिहास वैकल्पिक घेतलेल्यांसाठी सांगतो. इतिहासकारांची मते नसतील तर उत्तर पोकळ वाटते. 'लष्करी-आर्थिक राज्य', 'लष्करी श्रमबाजार' अशा संकल्पना आणि त्या मांडणाऱ्यांची नावे आली पाहिजेत. यशस्वी उमेदवारांच्या कॉपीत ती असतात.

---

वहीतली_पाने

वैकल्पिकच्या कॉपीत असतात, जीएसच्या कॉपीत क्वचित. दोन्ही पेपरांत दहा गुणांचे प्रश्न आहेत म्हणून नमुने एकत्र करू नका. जीएसचे उत्तर तपासताना दाखला शोधला जातो. इतिहासकाराचे नाव हा मताचा आधार झाला, घटनेचा पुरावा नव्हे. तीस शब्द एका मतावर घालवले तर असई किंवा प्लासी बाहेर राहते.

---

ऑप्शनल_इतिहास

सहमत नाही. मत सांगायला तीस शब्द लागत नाहीत. 'शिपाईगिरी हा उत्तर भारतातल्या शेतकऱ्यांचा हंगामी पेशा होता, जो धनी वेळेवर पैसे देई त्याच्याकडे ते जात' एवढ्या एका वाक्यात पहिली गाठ सुटते. नाव गाळा हवे तर, पण संकल्पना ठेवा. नुसते 'नियमित पगार' हे पाचवीच्या पुस्तकातले कारण झाले.

---

मोडीवाचक

ऑप्शनल_इतिहास यांचे हे वाक्य खरोखर चांगले आहे. जीएसमध्येही चालेल. नावाबाबत मात्र मी वहीतली पाने यांच्या बाजूचा.

'नियमित पगार' लिहिताना एक काळजी घ्या. कंपनीकडेही पगारावरून बंड झालेली आहेत. बक्सारच्या आधी १७६४ मध्ये हेक्टर मन्रोच्या फौजेत शिपाई बिथरले आणि त्यातल्या चोवीस जणांना तोफेच्या तोंडी दिले गेले. म्हणून 'कंपनी नेहमी वेळेवर पगार देई' असे न लिहिता 'तुलनेने नियमित' म्हणावे. एका शब्दाने विधान खरे होते. उलट बाजूला दरबारांत पगार महिनोन्महिने थकणे आणि त्यासाठी शिपायांनी सरदाराच्या दारात धरणे धरून बसणे ही ओळखीची गोष्ट होती.

---

भाऊ_पाटलांचा_वाडा

सगळे पलटणी आणि तोफांवर बोलताहेत. मला वाटते फितुरी हेच खरे कारण. मीर जाफर नसता तर प्लासी झालीच नसती.

---

मोडीवाचक

प्लासीपुरते बरोबर. कंपनीचे तीनेक हजार लोक, सिराजकडे पन्नास हजारांच्या आसपास, आणि त्यातला मोठा हिस्सा मीर जाफर बाजूला घेऊन उभा. पण सात वर्षांनी बक्सारला मीर कासीम, शुजाउद्दौला आणि शाह आलम तिघे समोर होते आणि तिथे खरी लढाई झाली. फितुरी हे एकमेव कारण धरले तर बक्सार हातातून सुटते.

दाव्याची पातळी थोडी वर न्या. 'फितुरी होती' ऐवजी 'मोठी फौज एका हुकमाखाली नव्हती' असे लिहा. मग प्लासीचा मीर जाफर त्यात बसतो, बक्सारचे तीन धनी बसतात, आणि १८०३ मध्ये शिंदे-भोसले लढत असताना बाजूला राहिलेले यशवंतराव होळकरही बसतात. होळकर फितूर नव्हते, ते पुढच्या वर्षी एकटे लढले आणि मॉन्सनच्या फौजेची पार दाणादाण उडवली. दाव्यात दोन-तीन दाखले सामावतात की एकच, यावरून दावा नीट बेतला आहे का ते कळते.

---

चहाटपरी_कसबा

परिच्छेद की मुद्दे? यावर दरवेळी भांडण होते.

---

रायगडवाला

मुद्दे. निःसंशय.

---

ऑप्शनल_इतिहास

परिच्छेद. इतिहास म्हणजे कारणांची साखळी, ती मुद्द्यांत तुटते.

---

वहीतली_पाने

मी पाहिलेल्या चांगल्या कॉपींत दोन्ही आहेत. मुद्दे लिहिणाऱ्यांचा धोका असा की दुवा गळतो, कारण ठिपका दिला की वाक्य दाखल्यावरच संपते. परिच्छेद लिहिणाऱ्यांचा धोका असा की शेवटची गाठ येईपर्यंत जागा संपते. उत्तरपुस्तिकेत दहाच्या प्रश्नाला दोनच पाने असतात. मधला मार्ग म्हणजे परिच्छेदाच्या सुरुवातीला एक अधोरेखित शब्द. पण तो शब्द प्रश्नातला हवा : 'शिपाई', 'संख्या', 'शस्त्रे'. 'राजकीय' आणि 'सामाजिक' हे शब्द प्रश्नात कुठेही नाहीत.

---

शाईदौत

सगळ्यांचे घेऊन पुन्हा लिहिले. दीडशेच्या आत आहे.

"कंपनीचा शिपाई वेगळा नव्हता, त्याला पोसणारी आणि हुकूम देणारी व्यवस्था वेगळी होती. त्या व्यवस्थेपुढे मोठी संख्या आणि चांगली शस्त्रे दोन्ही अपुरी पडली.

शिपाई : शिपाईगिरी हा पेशा होता, जो धनी पैसे देई त्याच्याकडे माणसे जात. कंपनीचा पगार तुलनेने नियमित होता, दरबारांत तो महिनोन्महिने थके. त्यामुळे तोच शिपाई कंपनीकडे टिकून लढला.

संख्या : भारतीय फौजा एका हुकमाखाली नव्हत्या. प्लासीला (१७५७) मीर जाफर बाजूला राहिला, १८०३ मध्ये होळकर. म्हणून कागदावरची संख्या रणांगणात उतरली नाही.

शस्त्रे : असईला (१८०३) शिंद्यांच्या तोफा उत्तम होत्या, पण पलटणींचे अधिकारी पगारी युरोपीय होते आणि त्यातले अनेक ऐन वेळी निघून गेले. त्यामुळे शस्त्रांमागे स्वतःचे नेतृत्व उरले नाही.

पैसा : १७६५ च्या दिवाणीमुळे बंगालच्या महसुलावर कंपनी दुसऱ्या प्रांतांतली युद्धेही चालवू शकली.

वडगाव (१७७९) आणि पोल्लिलूर (१७८०) येथे कंपनी हरलीही."

---

वहीतली_पाने

आता खुणा करून बघा. 'संख्या' आणि 'शस्त्रे' या परिच्छेदांत दावा, दाखला, दुवा तिन्ही आहेत, 'शिपाई' मध्ये दावा आणि दुवा आहेत पण नाव-सालाचा दाखला नाही. 'पैसा' मध्ये दुवा नाही. शेवटचे वाक्य नुसता दाखला आहे, दावा आणि दुवा दोन्ही गायब. वाचणाऱ्याला वाटेल, वडगाव आणि पोल्लिलूर इथे कशाला आले?

---

मोडीवाचक

त्या दोन लढाया फार मोलाच्या आहेत, पण त्यांना काम द्या. प्रश्नात 'सातत्याने' असा शब्द आहे, तीच खरे तर चौथी गाठ. मी वर तीनच मोजल्या होत्या, ही त्यात धरा. वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना शरणागतीचा करार करायला लावला, पोल्लिलूरला हैदर आणि टिपूने बेलीची तुकडी संपवली. म्हणजे लढाया कंपनी हरत होती. तरीही ती युद्धे तिला संपवू शकली नाहीत, कारण बंगालच्या महसुलातून पुढची फौज उभी राहत होती. वडगावनंतर बंगालहून गॉडार्डची फौज मुंबईवाल्यांच्या मदतीला आलीच. भारतीय राज्यकर्त्याला एका मोठ्या पराभवानंतर मुलूख द्यावा लागे, महसूल घटे, पुढची फौज लहान होई.

तेव्हा शेवटचे दोन परिच्छेद एकत्र करा :

"सातत्य : कंपनी लढाया हरलीही, वडगाव (१७७९), पोल्लिलूर (१७८०). पण १७६५ च्या दिवाणीने मिळालेल्या बंगालच्या महसुलातून ती नवी फौज उभारू शके. भारतीय राज्यकर्त्याचा मात्र पराभवानंतर मुलूख आणि महसूल दोन्ही घटत. म्हणून सातत्य लढायांपेक्षा युद्धे शेवटास नेण्यात दिसते."

आता पैसा, सातत्य आणि मर्यादा एकाच परिच्छेदात आली आणि वेगळ्या समारोपाची गरज उरली नाही.

---

रायगडवाला

समारोप नाही? सगळ्या नमुन्यांत असतो. 'अशा प्रकारे' ने संपवले नाही तर उत्तर अर्धवट दिसेल.

---

वहीतली_पाने

'कारणे द्या' ला शेवटचा परिच्छेद मत मांडून संपत असेल तर वेगळा समारोप लागत नाही. 'कितपत' आणि 'समीक्षा करा' ला मात्र हवाच, कारण तिथे निवाडाच मागितलेला असतो. तुम्हाला हवाच असेल तर पंधरा शब्दांत १८५७ कडे बोट दाखवा : जी शिपायांची फौज कंपनीचे बळ होती, तीच बंगाल आर्मी पुढे उलटली. पण 'वरील कारणांमुळे कंपनी जिंकली' या वाक्याला गुण नाहीत. ते प्रश्नातलेच वाक्य परत लिहिलेले असते.

---

ऑप्शनल_इतिहास

१८५७ ने शेवट करणे मला इथे जोडकाम वाटते. प्रश्न त्याआधीच्या लढायांचा आहे.

---

वहीतली_पाने

तेही मान्य करण्यासारखे आहे. यावर दोन तपासणारे दोन मते देतील.

---

मुंबई_आर्मी_वाचक

कोरेगाव भीमा, १ जानेवारी १८१८, का नाही घेत? तिथे कंपनीच्या बाजूला भारतीय शिपाईच होते, संख्या कमी होती, आणि समोर पेशव्यांची मोठी फौज. प्रश्नातल्या दोन गाठी तिथे एकत्र आहेत.

---

मोडीवाचक

चांगला दाखला आहे. पहिल्या गाठीखाली बसेल, आणि मुंबई आर्मीच्या भरतीचा, त्यातल्या महार शिपायांचा उल्लेख करता येईल. मात्र निकालाबद्दल जपून लिहा. कंपनीच्या तुकडीने दिवसभर गाव धरून ठेवले आणि पेशव्यांची फौज निघून गेली, एवढे निर्विवाद आहे. 'दणदणीत विजय' किंवा 'बरोबरी' अशा शब्दांत शिरलात तर त्यावर वाद होतो आणि दीडशे शब्दांत तो मिटवता येत नाही. 'संख्येने फार मोठ्या फौजेपुढे टिकून राहिली' एवढे पुरते.

प्लासी काढून कोरेगाव घालावे का? मी घालणार नाही, कारण प्लासी संख्येच्या गाठीला हवी आहे. शिपायाच्या परिच्छेदात मात्र सध्या नाव किंवा साल असलेला एकही दाखला नाही, तिथे हे बसते.

---

शाईदौत

हे राहिलेच होते. तिथे बसवतो.

एक शेवटची शंका. हाच प्रश्न पंधरा गुणांना, अडीचशे शब्दांत आला तर प्रत्येक परिच्छेद फुगवायचा का?

---

वहीतली_पाने

नाही. परिच्छेद आहेत तेवढेच ठेवा आणि शंभर शब्दांपैकी बहुतेक एका नव्या गोष्टीला द्या. इथे 'अधिक सज्ज' हे गृहीतक तपासायला ती जागा वापरा : असईला ते खरे, प्लासीला अर्धेच खरे. नवाबाच्या तोफा अवजड होत्या, बैलांनी ओढाव्या लागत, आणि पावसात त्यांची दारू भिजली. कंपनीने आपली दारू झाकून ठेवली होती. उरलेल्या वीस-पंचवीस शब्दांत तैनाती फौज, १७९८ चा निजाम : राज्यकर्त्याच्याच पैशावर उभी राहिलेली कंपनीची पलटण. दहाच्या उत्तरात या दोन्ही गोष्टींना जागा नव्हती.

---

रायगडवाला

म्हणजे शस्त्रांचा माझा मुद्दा पंधराच्या उत्तरात अर्धा का होईना आला. 'कितपत' ची पाच उत्तरे कुणी खुणा करून टाकेल का? त्यात दुव्यांच्या आधी 'पण' किती वेळा येतो ते बघायचे आहे.

---

वहीतली_पाने

माझ्याकडे मवाळांच्या कार्यावरची आहेत. पण तो विषय एकच झाला, क्रियापद तेच असले तरी. असहकार किंवा समाजसुधारणेवरची तीन-चार कुणाकडे असतील तर टाका, मग एकत्र बघू.